काकूंचा ‘आज’ कोणता?

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत. 2024 च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी इमारतीची डागडुजी व रंगकाम करण्याचे ठरले आणि चिटणीसांनी एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाहीर केले की, प्रत्येक बिऱ्हाडाने अठरा हजार रुपये द्यावेत. गच्चीबरोबर घरांतील भिंतींची गळतीही त्यातच थांबविली जाईल, व दोन पावसाळे कंत्राटदाराची हमी राहील. सर्वांनी पैसे दिले. पुढे कार्यकारी मंडळ बदलले, नवा ग्रुप निघाला, आणि जुना ग्रुप बहुतेकांनी फोनमधील जागा मोकळी करण्यासाठी पुसून टाकला. 2025 च्या ऑगस्टात आमच्या बैठकीची व स्वयंपाकघराची भिंत पाझरू लागली, तेव्हा नवे चिटणीस म्हणाले, “हमी केवळ गच्चीची होती.” जुन्या चिटणीसांना काही आठवेना.

आमच्या काकूंनी मात्र त्या रात्रीच्या घोषणेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. घरात सर्वांना वाटले, वाद मिटला! सभेत तो दाखविल्यावर एका वकील गृहस्थांनी शांतपणे विचारले, “यावर वरती ‘आज’ असे लिहिले आहे. हा ‘आज’ कोणता?” प्रश्न रास्त होता. त्याच दिवशी घेतलेल्या स्क्रीनशॉटवर तारखेच्या जागी ‘आज’ एवढेच उमटते. खरी तारीख काही दिवसांनी दिसू लागते. शिवाय पाठविणाऱ्याचे नाव काकूंनी आपल्या फोनमध्ये जसे लिहिले होते तसे, म्हणजे ‘भाऊजी’, असे होते. उद्या कोणीही कोणाचेही नाव ‘भाऊजी’ म्हणून लिहून ठेवील! ज्याला पुढे उपयोग व्हावा असे वाटत असेल त्याने दुसरा स्क्रीनशॉट आठवड्याने घ्यावा, त्यात मागचापुढचा एकेक संदेश राहू द्यावा, आणि त्या नावावर बोट ठेवून उघडणाऱ्या पानावरील फोन नंबराचाही एक घ्यावा.

काकूंच्या स्क्रीनशॉटची तारीख मिळाली ती त्यांच्या जुन्या फोनमध्ये. चित्राच्या तपशिलात 19 मे 2024, रात्रीचे 9 वाजून 42 मिनिटे, अशी नोंद निघाली. आमच्या फोनांत त्याच चित्राच्या ज्या प्रती होत्या, त्या काकूंनी साध्या छायाचित्राप्रमाणे पाठविलेल्या असल्यामुळे त्यांत मूळ वेळ उरलीच नव्हती. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले असते तर मूळ फाइल जशीच्या तशी आली असती. जुना फोन मोडीत काढला नव्हता, हे आमचे नशीब.

एवढ्यात धाकट्या पुतण्याने आणखी एक वस्तू काढली. त्याने त्याच जूनमध्ये त्या ग्रुपचे सर्व बोलणे ‘एक्स्पोर्ट चॅट’ या सोयीने मजकुराच्या फाइलीत उतरवून स्वतःला ईमेल केले होते. या फाइलीत प्रत्येक संदेशाच्या आरंभी तारीख व वेळ असते. नाव फोनमध्ये साठविलेले नसेल तर नंबर येतो. पुतण्याने ते साठविले नव्हते, म्हणून तेथे उघडा नंबर होता, आणि तो सभासदांच्या यादीतील नंबराशी जुळला. (ग्रुपवर गोपनीयतेची अधिक कडक सोय लावली असेल तर असा उतारा काढता येत नाही, हे लक्षात असावे.)

मात्र दोन्ही प्रती शब्दशः जुळेनात. फाइलीत संदेशाची वेळ 9 वाजून 35 मिनिटे होती व पुढे तो बदलल्याची खूण होती. मजकूर होता, “बाहेरून पाणी झिरपणाऱ्या घरांतील भिंती”. पाठविलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो. ‘बदलला’ अशी खूण राहते, पण पूर्वीचे शब्द दिसत नाहीत. काकूंचे चित्र सातव्या मिनिटाचे! म्हणजे चित्रही खरे व फाइलही खरी. परंतु सभासदांनी पैसे दिले ते सुधारलेल्या शब्दांवर. आमच्या घरात यावरून थोडी कुरकुर झाली. काकूंना तर आपला पुरावाच आपल्यावर उलटल्यासारखे वाटले.

प्रकरण कोर्टात गेले असते तर निराळेच सोपस्कार होते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा प्रतीबरोबर विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. आमच्या सभेला एवढे पुरे झाले की, दोन निरनिराळ्या फोनांतून निघालेले कागद एकमेकांच्या उणिवा भरून काढीत होते.

कारागीर येऊन पाहून गेला. बैठकीची पश्चिमेकडील भिंत बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेतून भिजत होती; ती कंत्राटदाराने हमीत दुरुस्त करून दिली. स्वयंपाकघरातील पाणी वरच्यांच्या न्हाणीघरातून येत होते. त्याचा खर्च आम्ही व वरच्या बिऱ्हाडाने निम्मा निम्मा केला, आणि तसे ठरल्याचे दोघांनी सही करून कागदावर लिहून घेतले.