थर्मास गरम का ठेवेनासा होतो?

वर्तकनगरमधल्या आमच्या शेजारच्या काकूंचा स्टीलचा थर्मास ओट्यावरून पडला. बुडाला छोटासा पोचा आला, बाकी काही नाही. पण सकाळी भरलेला चहा दोन तासांत कोमट!

थर्मासला दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली हवा कारखान्यात काढून घेतलेली असते. उष्णता वाहून न्यायला मध्ये हवाच उरत नाही. किरणांनी जाणारी उष्णता आतली चकचकीत भिंत परत फिरवते. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये काचेचं असं भांडं बनवलं, ते मात्र अतिथंड द्रवांसाठी.

गंमत अशी, की निम्मी हवा काढून काहीच साधत नाही. विरळ हवाही जवळजवळ तेवढीच उष्णता नेते. दाब वातावरणाच्या हजारो पट खाली गेल्यावरच खरा फरक पडतो. म्हणूनच पडल्यावर जोडाला केसाएवढी चीर गेली, तरी हळूहळू आत शिरणारी हवा सगळा खेळ संपवते.

तपासणी सोपी आहे. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. तोंडाजवळ थोडं गरम लागणारच, तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. पण मधला भाग गरम लागला, तर निर्वात पोकळी गेली. काकूंच्या थर्मासचं तेच झालं होतं.

अंग गार असूनही चहा निवत असेल, तर झाकणाची रबरी रिंग बघा. ती बदलता येते. गेलेली पोकळी मात्र घरी दुरुस्त होत नाही.