वीस दिवसांच्या उधारीचा भाव

अमेरिकेतल्या पुरवठादारांच्या बिलावर ‘२/१०, नेट ३०’ अशी एक ओळ अनेकदा दिसते. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम, असा तिचा अर्थ. आपल्याकडे व्यापारी हेच ‘दहा दिवसांत दोन टक्के सीडी’ म्हणून सांगतात. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, रोखीची सूट. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून कित्येक कारखानदार ही सूट सोडून देतात आणि महिनाभराची उधारी फुकट मिळाली असे समजतात. पण त्यातले पहिले दहा दिवसच फुकटचे असतात. पुढच्या वीस दिवसांचे व्याज ते मोजत असतात आणि ते फार महाग असते.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपने पाच लाखांचे पोलादी बार घेतले. जीएसटी घटकाभर बाजूला ठेवू. दहाव्या दिवशी चार लाख नव्वद हजार दिले की व्यवहार मिटला. तिसाव्या दिवशी द्यायचे तर पाच लाख. म्हणजे चार लाख नव्वद हजार रुपये वीस दिवस वापरायचे आणि त्यासाठी दहा हजार मोजायचे. हा दर वीस दिवसांना २.०४ टक्के झाला. इथे भागाकार पाच लाखांनी करायचा नाही, कारण हातात राहिलेली रक्कम चार लाख नव्वद हजारच आहे. वर्षात असे वीस दिवस सव्वाअठरा वेळा येतात, तेव्हा सरळव्याजाने वर्षाचा दर ३७.२ टक्के पडतो. दर खेपेला हेच करत राहिले आणि चक्रवाढ धरली, तर तो ४४.६ टक्क्यांवर जातो.

‘महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस’ असा हिशेब अनेकजण तोंडी करतात. तो चुकतो, कारण दोन टक्के तीस दिवसांचे नसून वीस दिवसांचे असतात.

आता याच मालकाचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे आणि व्याज बारा टक्के आहे असे धरू. दहाव्या दिवशी त्यातून चार लाख नव्वद हजार उचलले, तर वीस दिवसांचे व्याज साधारण ३,२२० रुपये होते. दहा हजारांची सूट घेऊन हे व्याज भरले तरी पावणेसात हजारांहून जास्त हातात राहतात. बँकेकडून कर्ज काढून सूट घ्यावी हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब तसाच निघतो.

सीसीची मर्यादा भरलेली असेल तर मात्र चित्र बदलते. शेकडा तीन दराने खाजगी पैसे घेतले, तर वीस दिवसांचे व्याज ९,८०० होते, म्हणजे सूट जेमतेम सुटते. आणि सावकार पूर्ण महिन्याचे व्याज लावत असेल तर १४,७०० जातील. अशा वेळी सूट सोडलेलीच बरी.

जीएसटी धरला की आकडा थोडा उतरतो. पोलादावर अठरा टक्के कर, म्हणजे बिल पाच लाख नव्वद हजारांचे. सूट बहुधा मूळ किमतीवरच मिळते. विक्रेत्याने कर न घटवता दहा हजारांची क्रेडिट नोट दिली, तर दहाव्या दिवशी पाच लाख ऐंशी हजार द्यावे लागतात आणि वर्षाचा दर साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास येतो. बँकेच्या दरापेक्षा तोही अडीचपटीहून जास्तच आहे.

काहीजण तिसाव्या दिवशीही पैसे देत नाहीत, साठाव्या दिवसापर्यंत ताणतात. कागदावर दर १४.९ टक्क्यांपर्यंत घसरतो आणि मालकाला वाटते की जमले. पण पुरवठादार पुढच्या मालाच्या भावात ते वसूल करतो, किंवा टंचाईत आधी दुसऱ्याला माल देतो. शिवाय तो नोंदणी केलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याने पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते, तेही दरमहा चक्रवाढीने.

सर्वांत वाईट दिवस बारावा. सूट गेली आणि उरलेली अठरा दिवसांची मुदतही वापरली नाही. दोन दिवसांच्या उशिराला दहा हजार! दहावा दिवस हुकला तर तिसाव्यापर्यंत थांबावे. तसेच तिसऱ्या दिवशी पैसे देण्यातही काही मिळत नाही, सूट तेवढीच राहते.

दहावा दिवस हुकतो तो बहुधा पैशांअभावी नाही. बिल गेटवर येते, माल तपासणीत चार दिवस जातात, स्टोअरची सही व्हायला आणखी दोन, आणि अकाउंट्समध्ये कागद नवव्या दिवशी पोहोचतो. त्यात दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोहोचल्यापासून, हे ऑर्डरमध्ये लिहिलेले नसते. म्हणून ऑर्डरवरच ‘माल मिळाल्यापासून दहा दिवस’ असे लिहून घ्यावे, आणि बिल आल्याबरोबर त्याची एक प्रत थेट अकाउंट्सकडे पाठवावी. तपासणीत माल नापास झाला तर तेवढी रक्कम डेबिट नोटने कापून बाकीचे पैसे मुदतीत देता येतील, हेही त्याच ऑर्डरमध्ये ठरवून घेता येते.