नियुक्त सदस्यांचं मत आणि एक दुरुस्तीचा मेसेज

‘राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती, दोघांच्याही निवडणुकीत राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांना मत नसतं.’ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासगटांत हे उत्तर सहज फिरू शकतं, कारण त्यातलं अर्धं बरोबर आहे. राष्ट्रपतींबाबत ते खरं, उपराष्ट्रपतींबाबत खोटं.

दुरुस्ती म्हणून कोणीतरी लिहितं, ‘प्र. १४ चं उत्तर २ नाही, ३ आहे.’ याचा उपयोग थोडा. प्रश्नपत्रिकेच्या संचांत क्रम वेगवेगळा असतो, तेव्हा एकाचा चौदावा प्रश्न दुसऱ्याचा चौदावा नसतो. आणि कारण दिलं नाही, तर आधीचं उत्तर टाकणारा ग्रुपमधला हुशार असला की लोक त्याचंच धरून चालतात. त्यापेक्षा असं लिहावं:

‘काल फिरलेलं नियुक्त सदस्यांबद्दलचं उत्तर चुकीचं आहे. ते उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देतात. राज्यघटनेचं कलम ५४ राष्ट्रपतींसाठी संसदेचे आणि विधानसभांचे “निवडून आलेले सदस्य” म्हणतं. कलम ६६ उपराष्ट्रपतींसाठी दोन्ही सभागृहांचे नुसते “सदस्य” म्हणतं, म्हणजे नियुक्तही आले. पडताळा २०२२ च्या आकड्यांवर घ्या. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदार मतदार ७७६, म्हणजे लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे निवडून आलेले २३३. उपराष्ट्रपतींच्या वेळी ७८८. फरक १२, तेवढेच राज्यसभेचे नियुक्त सदस्य.’

यातलं वजनदार वाक्य पडताळ्याचं. कलम क्रमांक माणूस विश्वासावर घेतो. बेरीज मात्र त्याला स्वतःला करता येते, आणि ती एकदा जुळली की वाद उरत नाही. मेसेज जुन्या चुकीच्या मेसेजला रिप्लाय म्हणूनच टाकावा, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकत्र दिसतात. जुना मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ केला तरी पुढे फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून जिथे जिथे तो पाठवला, तिथे तिथे दुरुस्तीही पाठवावी लागते.

एवढ्यावर दोन शंका हमखास येतात. पहिली महाभियोगाची. कलम ६१ प्रमाणे ठराव सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो, त्यामुळे तिथे नियुक्त सदस्यांनाही मत आहे. राष्ट्रपतींना निवडताना मत नसलेला सदस्य त्यांना हटवताना मत देतो, आणि आमदारांचं नेमकं उलटं होतं.

दुसरी शंका जुनं गाईड वापरणाऱ्याची: ‘माझ्या पुस्तकात ७९० आहे, तुझं ७८८ कसं?’ पुस्तक चुकलेलं नाही. लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नियुक्त करण्याची तरतूद १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये संपली. २०१७ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीत त्या दोन जागा धरलेल्या होत्या. त्यामुळे मेसेजमधल्या आकड्याशेजारी वर्ष लिहिलेलं असलं पाहिजे.