आवाज येतो, चित्र नाही

टीव्हीवर बातम्या ऐकू येताहेत, पण पडदा काळाकुट्ट आहे. असं झालं की बहुतेक घरांत पहिला संशय एचडीएमआय केबलवर जातो आणि लगेच नवी केबल आणली जाते. हा खर्च बहुधा वाया जातो. जुन्या टीव्हीला मागून तीन पिना लावायच्या, पिवळी चित्राची आणि लाल-पांढरी आवाजाची. तिथे पिवळी पिन सैल झाली की नुसतंच चित्र जायचं. एचडीएमआयमध्ये आवाजाला वेगळी तार नाही. ज्या तारांतून चित्र जातं त्यांतूनच, चित्राच्या माहितीमधल्या मोकळ्या जागांत, आवाजही पाठवला जातो. म्हणून सेट-टॉप बॉक्सचा आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून स्वच्छ येत असेल, तर केबल बरीचशी शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. केबल बिघडली तर पडद्यावर चमकते ठिपके दिसतात, चित्र मधूनच जातं-येतं, नाहीतर आवाज आणि चित्र दोन्ही बंद पडतात. मात्र आवाज साउंडबारमधून येत असेल आणि बॉक्सची केबल आधी साउंडबारला जात असेल, तर आवाजावरून फक्त तिथपर्यंतचा रस्ता ठीक असल्याचं कळतं. साउंडबारपासून टीव्हीपर्यंतची केबल तपासायची राहतेच.

आता बॉक्सचा नाही, टीव्हीचा रिमोट घ्या आणि सेटिंग्ज किंवा मेनूचं बटण दाबा. हा मेनू टीव्ही स्वतः तयार करतो, त्याचा एचडीएमआयशी काही संबंध नाही. मेनू दिसला तर पडदा ठणठणीत आहे आणि बिघाड बॉक्सच्या बाजूला आहे. काही टीव्हींमध्ये फक्त आवाज चालू ठेवून पडदा बंद करायची सोय असते. ती चुकून लागली असेल, तर एखादं बटण दाबताच चित्र परत येतं.

टीव्हीचा मेनू दिसतोय, पण बॉक्सचं चित्र नाही, अशा वेळी बॉक्स आणि टीव्ही दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. दोनेक मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स चालू करा. जोडणी होताना टीव्ही आपल्याला कोणकोणती चित्रं दाखवता येतात ते बॉक्सला कळवतो. त्या देवाणघेवाणीत गोंधळ झालेला असेल तर तो असा निस्तरतो. तरीही चित्र नसेल तर तीच केबल दुसऱ्या पोर्टात लावा, मग केबल बदला, मग त्या पोर्टाला दुसरं एखादं उपकरण जोडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष नेमका कशात होता ते कळत नाही. बॉक्सचा मेनू दिसतो, पण एखाद्या ॲपमधला सिनेमा लावला की पडदा काळा होतो आणि संवाद चालू राहतात, असं असेल तर संशय एचडीसीपी या चोरीविरोधी कुलुपावर घ्यावा. मध्ये एखादा जुना स्प्लिटर असेल तर तो काढून बॉक्स थेट टीव्हीला जोडून बघा.

टीव्हीचा स्वतःचा मेनूही दिसत नसेल, तर केबलला हात लावायचं कारणच नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या 43 इंची एलईडी टीव्हीचं असंच झालं होतं. सुरू करताना कंपनीचं नाव क्षणभर झळकायचं आणि लगेच अंधार. मेकॅनिकने न उघडताच ‘पॅनेल गेलं’ असं सांगितलं आणि घरात नव्या टीव्हीची चर्चा सुरू झाली. आम्ही खोलीतले दिवे घालवले, मेनूचं बटण दाबलं आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या अगदी जवळ तिरका धरून हळूहळू फिरवला. प्रकाशाच्या गोलात मेनूची अक्षरं पुसटशी दिसली. म्हणजे पॅनेल चित्र बनवत होतं, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला होता.

अशा टीव्हीत काचेमागे छोट्या एलईडींच्या पट्ट्या असतात आणि त्यांतले दिवे बहुधा एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एक दिवा जळून तुटला की सगळी ओळ विझते. दोष लक्षात येताच आतलं सर्किट उजेडाचा पुरवठा तोडतं, म्हणूनच ती क्षणभराची झळक. पट्ट्या बदलता येतात आणि त्या सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण उरलेल्या तितक्याच वापरलेल्या असतात. पट्ट्या ठीक असून त्यांना वीज देणारा भाग बिघडला असेल तरी टॉर्चखाली असंच दिसतं, तेव्हा मेकॅनिकला दोन्ही मोजायला सांगा. मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून ठेवतात. टॉर्चखाली काहीच दिसलं नाही, तर मात्र पॅनेल किंवा मुख्य बोर्डावर संशय घ्यायला जागा आहे. ओएलईडी टीव्हीला ही परीक्षा लागू नाही, त्यात मागचा उजेड नसतोच.

शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या पट्ट्या बदलल्या आणि चित्र आलं. त्यानंतर सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकलाइट पूर्णवरून बराच खाली आणला. पट्ट्यांना सर्वांत मारक असते ती उष्णता, आणि उजेड कमी ठेवला की तीही कमी होते.