पाळीपाळीने की मोकळा पाहून?

वेबसाइटवर येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणारी ‘एनजिनएक्स’ प्रणाली वेगळे काही न सांगितल्यास पाळीने वाटप करते. पहिली विनंती पहिल्या सर्व्हरला, दुसरी दुसऱ्याला. या पद्धतीला राउंड रॉबिन म्हणतात. सर्व विनंत्या सारख्याच वजनाच्या असतील, तर हे पुरेसे आहे. मात्र तसे क्वचितच घडते.

समजा, दोन सर्व्हर आहेत, प्रत्येक जण एका वेळी एकच काम करतो आणि दर सेकंदाला एक विनंती येते. विषम क्रमांकाची विनंती क्षणार्धात संपते, सम क्रमांकाचा अहवाल मात्र ३ सेकंद घेतो. पाळीच्या हिशेबात सारे अहवाल दुसऱ्याच सर्व्हरकडे जातात. दर २ सेकंदांना त्याच्यावर ३ सेकंदांचे काम पडते. मिनिटभरात ३० सेकंदांचे काम तुंबते आणि पहिला जवळजवळ रिकामाच राहतो!

यावर उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हरांच्या यादीत ही सूचना लिहिली, की ज्याच्याकडे चालू जोडण्या सर्वांत कमी, त्याला पुढची विनंती मिळते:

```
least_conn;
```

वरील उदाहरणात मग अहवाल आळीपाळीने दोघांकडे जातात, काहीच तुंबत नाही.

पण या पद्धतीतही एक खोच आहे. एखाद्या सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला, तर तो काम न करता लगेच ‘५००’ क्रमांकाची त्रुटी परत धाडतो. साहजिकच त्याच्या जोडण्या कायम कमी दिसतात आणि विनंत्यांचा ओघ त्याच्याकडेच वळतो. नोंदवहीत एकाच सर्व्हरच्या विनंत्या अचानक वाढलेल्या आणि उत्तराचा वेळ संशयास्पद रीतीने घटलेला दिसला, तर तो सर्व्हर आधी यादीतून काढावा.