दहा युनिट इन्सुलिन : दोघींनी तपासलेला डोस

वॉर्डात औषध देण्यापूर्वी परिचारिका ठरावीक गोष्टी क्रमाने तपासते: रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर आहे का. सुरुवात रुग्णाच्या ओळखीपासून होते आणि ती खाटेच्या नंबरावरून करू नये, कारण खाटा बदलतात. रुग्णाचे पूर्ण नाव आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा जुळाव्या लागतात. नाव विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘‘तुम्ही पाटीलच ना?’’ असे विचारले, तर कमी ऐकू येणारा किंवा गुंगीतला रुग्ण सहज मान हलवतो. ‘‘तुमचं पूर्ण नाव सांगा’’ म्हटले, की उत्तर त्याला स्वतःला द्यावे लागते. त्याच वेळी औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारून घ्यायचे असते. औषधाचे लेबल तीनदा वाचायचे असते: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि बाटली परत ठेवताना.

बहुतेक औषधांना एवढी तपासणी पुरते. इन्सुलिन, हेपरिन, शिरेतून द्यायचे पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिनसारखी वेदनाशामके आणि कर्करोगावरची औषधे यांना ती पुरत नाही. यांत थोडी चूकही जिवावर बेतू शकते, म्हणून ती दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे इन्सुलिनवरून चांगले समजते. भारतात इन्सुलिनच्या व्हायल दोन तीव्रतांच्या मिळतात. एकीच्या एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात, दुसरीच्या एका मिलिलिटरमध्ये 100. सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत: 40 युनिटवाल्या व्हायलसाठी लाल टोपीची आणि 100 युनिटवाल्या व्हायलसाठी केशरी टोपीची. सिरिंजवरच्या खुणा फक्त तिच्या जोडीच्या व्हायलसाठीच खऱ्या असतात.

समजा, जेवणापूर्वी त्वचेखाली दहा युनिट साधे इन्सुलिन द्यायचे आहे. स्टोअरमधून या वेळी 100 युनिटवाली व्हायल आली आहे. ट्रेमध्ये मात्र नेहमीच्या लाल टोपीच्या सिरिंज आहेत. परिचारिकेने दहाच्या खुणेपर्यंत औषध भरले. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाची खूण म्हणजे पाव मिलिलिटर. 100 युनिटवाल्या व्हायलमधल्या पाव मिलिलिटरमध्ये 25 युनिट असतात. सिरिंजवर दहा दिसतात आणि रुग्णाला अडीचपट डोस जातो.

आता पहिली परिचारिका दुसरीला म्हणाली, ‘‘दहा भरलंय, बघ जरा,’’ तर दुसरी दहाची खूण बघून होकार देईल. सह्या दोन झाल्या, पण तपासणी एकच झाली, आणि तीही चुकीची. स्वतंत्र तपासणीत दुसरीला उत्तर आधी सांगायचे नसते. ती स्वतः डॉक्टरांचा लेखी आदेश वाचते, व्हायलवरची तीव्रता आणि सिरिंजचा प्रकार बघते, किती भरायला हवे ते स्वतः ठरवते आणि मगच भरलेली सिरिंज हातात घेते. असे केले, की लाल टोपी आणि 100चे लेबल यांची विजोड जोडी तिला दिसते. आदेश वाचताना आणखी एक धोका असतो. दहानंतर ‘युनिट’ या शब्दाऐवजी इंग्रजी अक्षर ‘U’ लिहिले असेल, तर ते शून्यासारखे दिसून दहाचे शंभर होतात. अक्षराबद्दल शंका असेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना फोन करावा.

साखर नुकतीच तपासली आहे का आणि जेवण वेळेवर येणार आहे का, हेही दोघींनी बघायचे असते. साधे इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी देतात. ते टोचून झाले आणि रुग्णाला सोनोग्राफीसाठी उपाशी नेले, तर डोस बरोबर असूनही साखर उतरते.

पोटॅशियम क्लोराइडची अडचण निराळी आहे. त्याची 10 मिलिलिटरची अँप्युल इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या अँप्युलसारखी दिसू शकते आणि ते पातळ न करता शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. येथे दुसऱ्या नजरेवर विसंबण्यापेक्षा ती अँप्युल वॉर्डाच्या सामान्य कपाटात न ठेवणे अधिक सुरक्षित.

प्रत्येक गोळीसाठी दोन सह्या मागितल्या, तर सह्या केवळ उरकल्या जातात. म्हणून ही पद्धत मोजक्या औषधांपुरतीच ठेवणे शहाणपणाचे. रात्रपाळीला एकच परिचारिका असेल, तर शेजारच्या वॉर्डातली सिस्टर किंवा ड्यूटी डॉक्टर दुसरी तपासणी करू शकतात. स्वतःच पुन्हा मोजणे उपयोगी असले, तरी ती दुसरी तपासणी ठरत नाही, कारण तोच डोळा बहुधा तीच चूक पुन्हा करतो.

नोंद आणि दोघींच्या सह्या औषध दिल्यानंतरच कराव्यात. पुढचे काही तास घाम, थरथर, धडधड किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर लगेच बोटातून साखर तपासावी. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही न देता डॉक्टरांना बोलवावे, म्हणजे शिरेतून ग्लुकोज देता येते. जादा डोस गेल्याचे लक्षात आले, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, साखर पुन्हा पुन्हा तपासत राहावे आणि ती व्हायल व सिरिंज बाजूला जपून ठेवावी, म्हणजे किती युनिट गेले ते नेमके काढता येते.