पाच ओळी आणि एक कुलूप

कुलूप तीन अंकांचे आहे. तिन्ही अंक वेगवेगळे आहेत आणि शून्य पहिल्या जागीही येऊ शकते. कोणीतरी पाच नंबर लावून पाहिले, कुलूप उघडले नाही, पण प्रत्येक नंबर किती जवळ गेला होता ते कळले:

६१३ : एक अंक बरोबर, आणि तो योग्य जागी
१४६ : दोन अंक बरोबर, पण दोन्ही चुकीच्या जागी
०६९ : एक अंक बरोबर, पण चुकीच्या जागी
५२७ : एकही अंक बरोबर नाही
८४० : एक अंक बरोबर, पण चुकीच्या जागी

अशी कोडी व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. बहुतेक लोक ती अंदाजाने सोडवतात. एखादा नंबर मनात धरायचा, पाचही ओळींना लावून पाहायचा आणि जुळला नाही की दुसरा घ्यायचा. यातून उत्तर मिळतेही. पण ते एकमेव उत्तर आहे का, हे या रीतीने कळत नाही, आणि या कोड्यातला खरा प्रश्न तोच आहे. म्हणून मी हे कोडे उलट बाजूने पाहतो. उत्तर शोधायचे नाही. प्रत्येक ओळीनंतर किती नंबर शिल्लक राहतात ते मोजायचे.

सुरुवातीला शिल्लक किती? पहिल्या जागी दहापैकी कोणताही अंक, दुसऱ्या जागी उरलेल्या नवांपैकी एक, तिसऱ्या जागी आठांपैकी एक. १० × ९ × ८, म्हणजे ७२० नंबर.

५२७ ही ओळ सगळ्यांत सोपी. ५, २ आणि ७ कायमचे गेले. आता ०, १, ३, ४, ६, ८, ९ एवढे सातच अंक हातात आहेत आणि त्यांचे ७ × ६ × ५ म्हणजे २१० नंबर होतात.

मग ६१३. ही ओळ वाचताना घाई होते. ‘एक अंक बरोबर’ याचा अर्थ नेमका एक. उरलेले दोन नंबरात कुठेच नाहीत, हेही त्याच वाक्यात सांगून झालेले आहे. म्हणजे तीनच शक्यता उरतात. एक तर पहिल्या जागी ६ आहे आणि १, ३ कुठेच नाहीत. किंवा मधल्या जागी १ आहे आणि ६, ३ नाहीत. किंवा शेवटी ३ आहे आणि ६, १ नाहीत. तिन्ही वेळा रिकाम्या राहिलेल्या दोन जागा ०, ४, ८, ९ यांतून भरायच्या, म्हणजे प्रत्येकी १२ प्रकार. एकूण ३६.

आता १४६, आणि कोड्याची कळ इथे आहे. १, ४, ६ यांपैकी नेमके दोन अंक नंबरात आहेत. पण १ आणि ६ एकत्र असू शकत नाहीत, कारण आधीच्या ओळीने त्या दोघांपैकी फार तर एकालाच जागा दिली आहे. म्हणजे जोडीत ४ हवाच, आणि त्याच्याबरोबर १ किंवा ६. शेवटी ३ असण्याची शक्यताही इथेच संपते, कारण तेव्हा १ आणि ६ दोन्ही बाहेर असतात आणि एकट्या ४ ची जोडी होत नाही. ४ मधल्या जागी नाही, हेही याच ओळीने सांगितले. सोबत १ असेल तर तो मधे, आणि ४ पहिला किंवा शेवटचा. सोबत ६ असेल तर तो पहिला, आणि ४ शेवटी. राहिलेल्या जागी ०, ८ किंवा ९. सगळे मिळून नऊच नंबर उरले: ४१०, ४१८, ४१९, ०१४, ८१४, ९१४, ६०४, ६८४, ६९४.

७२० वरून नऊवर आलो आणि अजून एकही अंदाज केलेला नाही.

०६९ ही ओळ या नऊ नंबरांना एकेक करून लावू. ४१८ आणि ८१४ मध्ये ०, ६, ९ यांतला एकही अंक नाही, ते गेले. ४१९ मध्ये ९ आहे, पण तो शेवटच्या म्हणजे योग्य जागीच बसतो, आणि ओळ म्हणते जागा चुकीची हवी, तोही गेला. ०१४ चे शून्य तसेच योग्य जागी. ६०४ आणि ६९४ मध्ये एकाऐवजी दोन अंक जुळतात. उरले तिघे: ४१०, ९१४, ६८४. शेवटची ओळ ८४०. ४ तिघांतही आहे, तेव्हा ८ आणि ० नसले पाहिजेत. ४१० शून्यामुळे बाद, ६८४ आठामुळे बाद. कुलूप ९१४ ला उघडते.

नंबरांची गळती अशी झाली: ७२०, २१०, ३६, ९, ३, १. ही मोजदाद केली म्हणून ९१४ शिवाय दुसरे उत्तर नाही, हे छातीठोकपणे सांगता येते.

हा खेळ जुना आहे. दोघांनी कागदावर चार अंकी नंबर लपवून खेळायचा ‘बुल्स अँड काउज’ इंग्लंड-अमेरिकेत बराच काळ खेळला जात होता. १९७० मध्ये मोर्देकाय मेरोविट्झ या इस्रायली गृहस्थांनी अंकांऐवजी रंगीत खुंट्या घेऊन त्याचा ‘मास्टरमाइंड’ केला आणि इंग्लंडमधल्या इन्व्हिक्टा प्लॅस्टिक्सने तो बाजारात आणला. त्यात सहा रंग आणि चार जागा असतात, रंग पुन्हा येऊ शकतो, म्हणून ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १२९६ रचना होतात. १९७७ मध्ये डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की नीट खेळले तर यातली कोणतीही रचना पाच चालींच्या आत सापडते. त्यांची पद्धत मुळात वर केलेलीच: प्रत्येक चालीनंतर शिल्लक रचना मोजायच्या, आणि वाईटात वाईट उत्तर आले तरी कमीत कमी रचना उरतील अशी पुढची चाल करायची. कुलपाच्या कोड्यात फरक एवढाच की चाल निवडण्याची मुभा सोडवणाऱ्याला नाही. पाचही चाली कोडे रचणाऱ्याने आधीच खेळलेल्या असतात.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. ‘एकही बरोबर नाही’ ही ओळ सगळ्यांत बळकट आहे, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. कारण उघड आहे, तिच्यावरून तीन अंक सरळ खोडता येतात. पण मोजून पाहा. ७२० पैकी ती २१० नंबर शिल्लक ठेवते. ‘एक बरोबर, योग्य जागी’ ही ओळ १२६ ठेवते. आणि ‘दोन बरोबर, दोन्ही चुकीच्या जागी’ ही ओळ, जी वाचताना सगळ्यांत गोंधळाची वाटते, ती फक्त ६३ ठेवते. कसे ते पाहू. तीन अंकांतून बरोबर असलेली जोडी निवडायचे तीन प्रकार. त्या दोघांना आपापली जुनी जागा सोडून बसवायचे तीन प्रकार. उरलेल्या जागी बाहेरच्या सातांपैकी एक अंक. ३ × ३ × ७. सगळ्यांत दुबळी ओळ ‘एक बरोबर, पण चुकीच्या जागी’. तिच्यानंतर २५२ नंबर शिल्लक राहतात. म्हणून कोडे हातात आल्यावर शून्याच्या ओळीपासून सुरुवात जरूर करावी, ती सोपी आहे. पण लगेच दोन अंक बरोबर असलेल्या ओळीकडे वळावे. नंबर तिथे सर्वाधिक गळतात.

दुसरी ताकद दोन ओळींच्या भांडणात असते. एकच अंक दोन ओळींत एकाच जागी असेल, एक ओळ म्हणत असेल ‘योग्य जागी’ आणि दुसरी ‘चुकीच्या जागी’, तर तो अंक नंबरात असूच शकत नाही. बरेच फिरलेले एक कोडे यावरच उभे आहे. त्याच्या पहिल्या तीन ओळी अशा: ६८२ मध्ये एक बरोबर व योग्य जागी, ६१४ मध्ये एक बरोबर पण चुकीच्या जागी, २०६ मध्ये दोन बरोबर पण चुकीच्या जागी. पहिल्या दोन्ही ओळींत ६ पहिल्याच जागी आहे, म्हणून तो बाद. मग तिसऱ्या ओळीतले २ आणि ० पक्के. पहिल्या ओळीवरून २ शेवटी, शून्य मधे नाही म्हणून ते सुरुवातीला. मधे १ असता तर दुसऱ्या ओळीत तो योग्य जागी ठरला असता, तेव्हा मधे ४. उत्तर ०४२. त्या कोड्यात यापुढे आणखी दोन ओळी दिलेल्या असतात आणि दोन्हींची गरज नाही. कोडे चुकीचे ठरत नाही, पण माझ्या मते रचना सैल राहते.

वरच्या आपल्या कोड्यात एकही ओळ फाजील नाही, आणि हे तपासता येते. एकेक ओळ झाकायची आणि पुन्हा मोजायचे. ८४० झाकली तर ४१०, ६८४ आणि ९१४ तिघेही चालतात. ०६९ झाकली तर ४१९, ६९४ आणि ९१४. ५२७ ही ओळ सोडवताना साधी वाटली होती, पण ती काढली की ६२४, ६५४ आणि ६७४ हेही दारात उभे राहतात. १४६ काढली तर चार उत्तरे होतात, ६१३ काढली तर पाच.

बिघाड बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतो. पहिला, कोडे रचणाऱ्याने आपला नंबर मनात धरून ओळी लिहिलेल्या असतात आणि तो नंबर सगळ्या ओळींना जुळतो एवढेच पाहिलेले असते. दुसरा एखादा नंबरही जुळतो का, हे पाहायचे राहून जाते. मग घरात दोघांची दोन उत्तरे येतात आणि दोघेही बरोबर असतात. दुसरा, अंक पुन्हा येऊ शकतो की नाही हे सांगितलेलेच नसते. ती मुभा असेल तर ७२० ऐवजी १००० नंबर विचारात घ्यावे लागतात आणि हिशेब बदलतो. आपल्या कोड्यात ६६४ हा नंबर ६१३, १४६ आणि ५२७ या तीन ओळींतून सुखरूप बाहेर पडतो. तो ०६९ ला अडकतो, कारण त्याच्या मधल्या जागी ६ आहे आणि त्या ओळीतही ६ मधेच आहे, म्हणजे योग्य जागी. अंक पुन्हा येणारे बाकीचे नंबरही असेच कुठे ना कुठे पडतात, त्यामुळे ही अट काढून टाकली तरी उत्तर ९१४ च राहते. पण प्रत्येक कोड्याचे नशीब असे नसते.

तेव्हा स्वतः कोडे रचाल तेव्हा अंक पुन्हा येतात की नाही ते पहिल्या ओळीत लिहा, उत्तर बाजूला ठेवून शिल्लक नंबर एकदा मोजा, आणि शेवटी एकच उरला तरच ते पुढे पाठवा.